शनिवार तेली

कोकणात अलिबाग, नवगाव, रेवदंडा, पेण या पट्ट्यात तेल गाळणारी एक जमात होती. आसपासचे लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. नाव गिऱ्हाइकांनीच दिलेले, आणि कारणही गिऱ्हाइकाच्याच सोयीचे होते. शनिवारी यांचा घाणा बंद असे, तेल हवे असेल तर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत आणा. त्याच भागात 'सोमवार तेली'ही होते. ते हिंदू, सोमवार महादेवाचा, बैल महादेवाचा नंदी, म्हणून त्या दिवशी बैलाला जुंपत नसत. म्हणजे तेली कोणत्या जातीचा हे त्याच्या कामावरून कळत नव्हते. काम दोघांचे एकच होते. तो कोणत्या दिवशी काम करत नाही, यावरून त्याची ओळख पटत होती.

हे शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायल, मराठी बोलणारे यहुदी. आडनावे गावावरून पडलेली: दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, केहिमकर. त्यांची आपली समजूत अशी की फार जुन्या काळी नवगावजवळ एक गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून पुढे जमात वाढली. नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे. ते कधी आले याबद्दल इतिहासकारांचे एकमत नाही, आणि आजच्या लेखासाठी त्याची गरजही नाही. महत्त्वाची गोष्ट ही की शतकानुशतके त्यांच्याजवळ तौरात नव्हती, शिकवणारा कोणी नव्हता, इब्रानी भाषा विसरली होती. उरले होते ते एवढेच: आठव्या दिवशी मुलाची सुन्नत, ईश्वराच्या एकत्वाचा 'शमा' हा कलमा, पंख आणि खवले नसलेले मासे न खाणे, आणि शनिवार.

पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी त्यांच्यात आला अशी कथा आहे. त्याने बायकांपुढे सगळ्या प्रकारचे मासे ठेवले. त्यांनी खवल्याचे तेवढे वेगळे काढले, तेव्हा त्याची खात्री पटली. त्याने तीन घराण्यांतल्या माणसांना धर्माचे शिकवले आणि त्यांना 'काजी' म्हटले जाऊ लागले. काजी हा आपला शब्द, आणि यहुदी घरात! त्यांच्या प्रार्थनास्थळाला ते मराठीत 'मशीद' म्हणत. मुंबईत 1796 साली सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी बांधलेल्या शार हारहमीम या सिनेगॉगला आजही लोक 'जुनी मशीद' म्हणतात, आणि मस्जिद बंदर स्टेशनाचे नाव तिच्यावरूनच पडले असे सांगितले जाते.

यहुदी म्हटले की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे बातम्यांतले रणगाडे येतात. ते मी समजू शकतो. पण आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत जगलेल्या या तेल्यांनी कोणाचे काही घेतले नाही. त्यांच्या शनिवाराचा अर्थ काय होता, हे मला शिक्षक म्हणून आणि मुसलमान म्हणूनही जाणून घ्यावेसे वाटले.

शब्दापासून सुरुवात करतो, कारण भाषा शिकवणे हा माझा धंदाच आहे. इब्रानीत 'शब्बात' म्हणजे थांबणे. दमून बसणे असा त्याचा अर्थ नाही. अरबीत तोच शब्द 'सब्त'. शनिवारला अरबीत यौमुस्सब्त म्हणतात. फारसीतला 'शंबा' यातूनच आला. कुरआनच्या सूरह नबामध्ये झोपेला 'सुबात' म्हटले आहे, म्हणजे दिवसभराची धावपळ तोडून टाकणारी विश्रांती. आमच्या अंजनगावात उर्दू शाळेच्या फळ्यावर शनिवारला आम्ही 'हफ्ता' लिहितो, त्यामुळे हे नाते मुलांच्या लक्षात येत नाही. मराठीत तर शनिवार शनी ग्रहाचा. आणि गंमत अशी की इब्रानीत शनी ग्रहाचे नावच 'शब्बताई' आहे.

तौरातीत या दिवसाचा हुकूम अनेकदा आला आहे आणि त्यांपैकी दोन ठिकाणी कारण वेगवेगळे दिले आहे. पहिल्या ठिकाणी म्हटले आहे की सहा दिवसांत आकाश आणि पृथ्वी निर्माण झाली, सातव्या दिवशी निर्मिती थांबली, म्हणून तुम्हीही थांबा. दुसऱ्या ठिकाणी सृष्टीचे नाव नाही. तिथे सांगितले आहे की तुम्ही मिसरमध्ये गुलाम होता हे विसरू नका. तुमचा नोकर, तुमची दासी यांनाही तुमच्यासारखेच थांबता आले पाहिजे. एक कारण आकाशाचे, दुसरे घामाचे. दोन्ही यादींत जनावरे येतात, आणि दुसरीत बैल नावाने येतो. आणखी एका जागी तर स्पष्टच म्हटले आहे की हा दिवस बैल आणि गाढव यांना विसावा मिळावा आणि दासीचा मुलगा व परका माणूस यांना श्वास घेता यावा म्हणून आहे. 'श्वास घेणे' यासाठी तिथे जे क्रियापद आहे त्याचे मूळ आपल्या 'नफस' आणि 'नफ्स' या शब्दांच्या मुळाशी जुळते. तेच क्रियापद तौरातीत दुसऱ्या एका जागी खुद्द ईश्वरासाठी वापरले आहे. दासीच्या मुलाला आणि ईश्वराला एकच क्रियापद!

इथे आपण अडखळतो. कुरआनमध्ये सूरह काफमध्ये सांगितले आहे की सहा दिवसांच्या निर्मितीनंतर आम्हाला कोणताही थकवा शिवला नाही. आपल्या मौलवी साहेबांच्या बयानात हे यहुद्यांना दिलेले उत्तर म्हणून येते. ते खरेच आहे, अल्लाह थकतो असे मानणे आपल्याला मान्य नाही. पण यहुदी विद्वानांनाही ते कधी मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे की निर्मिती थांबली ती दमल्यामुळे नव्हे, पुरी झाल्यामुळे. आणि इथूनच त्यांच्या विश्रांतीची कल्पना आपल्या नेहमीच्या 'सुटी'पेक्षा वेगळी होऊ लागते.

काम म्हणजे काय, हे त्यांनी कसे ठरवले ते पाहा. मिश्ना हा त्यांचा जुना धर्मशास्त्राचा ग्रंथ इसवी सनाच्या 200च्या सुमारास संकलित झाला. त्यात शनिवारी मना असलेल्या 39 कामांची यादी आहे. ही यादी घामावर बेतलेली नाही. तौरातीत शब्बातचा हुकूम आणि ईश्वराच्या तंबूचे बांधकाम जवळजवळ सांगितले आहे, त्यावरून विद्वानांनी असे काढले की त्या बांधकामाला जी जी कामे लागली ती मना. नांगरणे, पेरणे, कापणे, मळणे, दळणे, मळून भाजणे, लोकर कातरणे, सूत काढणे, विणणे, दोन अक्षरे लिहिणे, दोन अक्षरे पुसणे, आग पेटवणे, आग विझवणे, बांधणे, पाडणे. म्हणून घरातल्या घरात जड पलंग या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकवला, घामाघूम झालात, तरी यादीतले काम झाले नाही. पण आगकाडी ओढली तर झाले. त्यात कष्ट किती? काहीच नाही. पण जगात नसलेली एक वस्तू तुम्ही निर्माण केली. मनाई कष्टाला नाही, मालकीला आहे. एक दिवस माणसाने जगाला हात लावायचा नाही, ते जसे आहे तसे राहू द्यायचे. आणि ज्या तंबूवरून ही यादी काढली तो ईश्वराचाच तंबू होता, तरी शनिवारी त्याचेही काम बंद. चांगल्या कामाची सबब चालत नाही. जीव वाचवायचा असेल तर मात्र हे सगळे बाजूला ठेवायचे, नव्हे ठेवलेच पाहिजे, असा त्यांच्या शास्त्राचा निकाल आहे.

आता आपल्या तेल्याकडे या. तेल गाळणे या 39 कामांत नावाने नाही. पण विद्वानांनी ते मळणीच्या पोटात घातले आहे. मळणीत कणसातून दाणा सुटतो, गाळण्यात दाण्यातून तेल सुटते. दोन्हीकडे आत दडलेली वस्तू बाहेर काढली जाते. म्हणून मना.

मिश्नाने यापुढचाही प्रश्न घेतला आहे, आणि तो आपल्या विषयाच्या अगदी गाभ्याशी आहे. शाम देशात जैतुनाचे तेल काढायची पद्धत अशी की ठेचलेले जैतून टोपल्यांत भरायचे आणि वर लाकडाची जड तुळई वजन बांधून ठेवायची. मग तेल आपोआप झिरपत राहते, माणूस लागत नाही. शुक्रवारी उजेड असतानाच तुळई चढवली आणि शनिवारभर तेल गळत राहिले तर? शम्माई आणि हिल्लेल या दोन थोर विद्वानांच्या शिष्यांचे बहुतेक गोष्टींत भांडण. पण तुळई आधी चढवायला हरकत नाही, यावर दोघांचे एकमत आहे. माणूस थांबला पाहिजे. तुळईला थांबायची सक्ती नाही.

कोकणातल्या तेल्याला ही सवलत उपयोगी नव्हती. आपला लाकडी घाणा तुळईचा नाही, बैलाचा आहे. मोठे लाकडी उखळ, त्यात फिरणारी लाट, तिला जोडलेली आडवी फळी, आणि डोळ्यांना झापड बांधलेला बैल गोल गोल फिरतो. एका खेपेला दहा-बारा किलो तीळ घातले तर तेल सुटून पेंड घट्ट व्हायला दोन तास तरी लागतात. मध्येच थोडे पाणी शिंपडावे लागते म्हणजे पेंड जमते. ते काम अर्धवट सोडता येत नाही. बैल थांबला की आतला लगदा थंड होतो, सुटत आलेले तेल पुन्हा शोषून धरतो, आणि दुसऱ्या दिवशी तो घट्ट बसलेला गोळा फोडायला दुप्पट मेहनत. बैलाला झापड बांधून सोडून द्यावे आणि आपण घरात बसावे असेही नाही, कारण बैलाच्या विसाव्याचा हुकूम स्वतंत्र आहे.

म्हणजे शुक्रवारचा हिशेब कसा असेल, याचा विचार करा. त्यांचा दिवस आपल्यासारखाच संध्याकाळी सुरू होतो. आपण गुरुवारच्या रात्रीला जुम्याची रात्र म्हणतो, तसा त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो. अलिबागला डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातला. हिवाळ्यात शेवटची खेप दुपारी तीनच्या आत पडली पाहिजे, नाहीतर ती पुरी होणार नाही. गिऱ्हाईक शुक्रवारीच गर्दी करणार, कारण उद्या तेल नाही. मागणी सर्वांत जास्त त्याच दिवशी, आणि हात आखडता घ्यायचा तोही त्याच दिवशी. दोन खेपांचा मोह असताना एकच घालायची. शब्बात शनिवारी पाळला जातो असे आपण म्हणतो. पण धंदेवाल्याची परीक्षा शुक्रवारी दुपारी तीन वाजता होते.

आणि हे सगळे त्यांनी मिश्ना न वाचता केले. 39 कामांची यादी त्यांना माहीत नव्हती. हिल्लेल, शम्माई यांची नावे त्यांनी ऐकली नव्हती. बैल सोडायचा आणि घाणा पुसून ठेवायचा, एवढेच बापाने मुलाला दाखवले. पुस्तक हरवते, भाषा विसरते. पण दर सात दिवसांनी काहीतरी न करण्याची सवय शाबूत राहते, कारण तिला चोर नेऊ शकत नाही आणि शेजारीही तिचे साक्षीदार असतात. गावाने 'शनिवार तेली' म्हटले की एखाद्या तेल्याला शनिवारी लपूनछपून घाणा चालवणे अवघडच. नावच चौकीदार झाले.

आता ती गोष्ट, जी आपण सगळे लहानपणी मदरशात ऐकतो. अस्हाबुस्सब्त, शनिवारवाले. सूरह आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीची हकीकत आहे. शनिवारी मासे पाण्याच्या वर तरंगत येत आणि इतर दिवशी येत नसत. लोकांनी हद्द ओलांडली आणि त्यांच्यावर अजाब आला. तफसीरकार सांगतात की ते शुक्रवारी जाळी लावून किंवा खड्डे खणून ठेवत आणि रविवारी मासे उचलत. शनिवारी आम्ही हात लावला नाही, असे म्हणायला मोकळे. ही युक्तीची गोष्ट तफसीरमधली आहे. कुरआनने हद्द ओलांडल्याचे सांगितले आहे, जाळ्याचे नाही.

मिश्ना वाचताना मी इथे थबकलो. त्यात हाच प्रश्न आहे: जनावर, पक्षी आणि मासे यांच्यासाठी शुक्रवारी लावलेली जाळी शनिवारभर तशीच राहू द्यावीत का? शम्माईचे शिष्य म्हणतात, नाही; उजेडातच मासा सापडेल असे असेल तरच लावा. हिल्लेलचे शिष्य परवानगी देतात. पुढे यहुद्यांनी बहुतेक ठिकाणी हिल्लेलचेच मत धरले. म्हणजे आपल्या तफसीरमध्ये ज्याला फसवणूक म्हटले आहे, ते त्यांच्या फिकहमध्ये कायदेशीर ठरले. यावरून कोणी लगेच 'बघा, हे असेच' म्हणेल. मला तसे वाटत नाही. आपल्या फिकहमध्येही 'हीला' हा विषय आहेच, आणि कोणता हीला जायज, कोणता नाही, यावर आपल्या इमामांतही मतभेद आहेत. कायदा जिथे बारीक होतो तिथे हा प्रश्न येणारच. हिल्लेलच्या बाजूचे म्हणणे इतकेच की हुकूम माणसाला आहे, जाळ्याला नाही. शम्माईची भीती अशी की जाळे समुद्रात असेल तर माणसाचे मनही समुद्रातच राहील, ते घरी येणार नाही. विश्रांती हाताची की मनाची, हा तो वाद आहे, आणि मला शम्माईची बाजू पटते. मोबाईल खिशात ठेवून नमाजला उभे राहणाऱ्याला ती पटायला हरकत नसावी.

आणखी एक गोष्ट आपण बयानात गाळतो. त्याच आयतींमध्ये त्या वस्तीतला एक गट इतरांना रोखत होता, आणि तो वाचला असे स्पष्ट आहे. समुद्रकाठी शनिवारी हात आवरणारे लोक होते, असे कुरआनच सांगते. नवगावचे तेलीही समुद्रकाठचेच होते.

आपल्याकडे मात्र असा दिवस नाही, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण पुष्कळ लोक जुम्याला 'आपला रविवार' समजतात. सूरह जुमुआत अजान झाली की खरेदी-विक्री सोडून धावा असे आहे, आणि नमाज संपली की जमिनीवर पसरा आणि अल्लाहचा फजल शोधा असेही आहे. म्हणजे दुकान एक-दीड तास बंद, मग पुन्हा सुरू. आमच्या गावात जुम्याला तेच दिसते. पानवाला काय, सायकलवाला काय, शटर अर्धे ओढून जातो आणि अडीचला परत येतो. थांबणे आपल्याकडे रोज पाच वेळा थोडे थोडे वाटून दिले आहे, त्यांच्याकडे ते एका जागी साठवले आहे. बैलाला मात्र आपल्या पाच नमाजांत वेगळा वाटा नाही, हे मी कबूल करतो. त्याच्यासाठी वऱ्हाडात पोळा आहे, वर्षातून एकदा. शनिवार तेल्याच्या बैलाला वर्षात बावन्न पोळे होते, फक्त झूल आणि बाशिंग नव्हते.

अठराव्या शतकापासून बेने इस्रायल मुंबईला जाऊ लागले. कोणी पलटणीत शिरले, कोणी सुतारकाम, बांधकाम, पुढे रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या. घाणे मागे राहिले. कोचीच्या यहुद्यांनी आणि बगदादहून आलेल्यांनी त्यांना शास्त्र शिकवले. ख्रिस्ती मिशनऱ्यांमुळे बायबल मराठीत वाचता आले. आता त्यांना शब्बात म्हणजे काय ते पुस्तकातून कळत होते. हायम सॅम्युएल केहिमकर यांच्यासारखे त्यांच्यातले विद्वान आपल्या जमातीचा इतिहास लिहू लागले; त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी, 1937 साली तेल अवीवमध्ये छापले गेले. पण कचेरी शनिवारी उघडी असे. तेली स्वतःच्या घाण्याचा मालक होता, कारकून नव्हता. जेव्हा शास्त्र माहीत नव्हते तेव्हा शनिवार पाळता येत होता. शास्त्र हातात आले तेव्हा अनेकांना कामावर जावे लागले.

1890 साली, 10 जूनला, मुंबईच्या गिरणी मालकांनी कामगारांना रविवारची सुटी मान्य केली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी काही वर्षे लढा दिला होता. रविवार खंडोबाचा, म्हणून तो हवा, हेही त्यांच्या मागणीत होते. लोखंड्यांची मागणी तौरातीतल्या दुसऱ्या कारणाच्या, मिसरच्या गुलामीच्या कारणाच्या जवळची आहे: दिवसरात्र राबणाऱ्याला श्वास घेऊ द्या. ती त्यांनी मिळवली आणि आज आपण सगळे, मुसलमानही, तिचे फळ खातो. पण पहिले कारण कोणत्याही गिरणी मालकाकडून मागून मिळत नाही. मालकाने सुटी दिली की ती उद्याच्या कामासाठी असते, सोमवारी ताजातवाना माणूस हजर व्हावा म्हणून. यहुदी विचारवंत अब्राहम हेशेल यांनी 1951 साली 'शब्बात' या पुस्तकात नेमका याच समजुतीला विरोध केला. त्यांच्या मते शनिवार हा पुढच्या सहा दिवसांची ताकद भरण्यासाठी नाही. उलट सहा दिवस त्याच्यासाठी आहेत. फायलो नावाच्या अलेक्झांड्रियाच्या जुन्या यहुदी विद्वानाने ग्रीकांना समजावताना 'विश्रांतीने माणूस अधिक काम करतो' असा युक्तिवाद केला होता. हेशेल म्हणतात, तो आपला विचार नव्हे, ग्रीकांचा आहे. मी बी.एड.ला शिकलो तेव्हा आम्हाला मधल्या सुटीचे महत्त्व शिकवले होते, ते फायलोच्या धर्तीवर: मधल्या सुटीनंतर मुलांचे लक्ष वाढते. मधली सुटी मुलाला स्वतःसाठी हवी असते, हे कोणी लिहिले नव्हते.

1948 नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. तिथे त्यांच्या यहुदीपणाबद्दलच शंका घेतली गेली, लग्नांवरून मोठे आंदोलन झाले, आणि 1964 साली तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत असे जाहीर केले. महाराष्ट्र सरकारने 2016 साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागला इस्रायल आळीत मागेन आबोथ सिनेगॉग उभे आहे, 1848 साली स्थापन झालेले. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि आता कोकणात दहा जमवणे कठीण. घाणा तर कुठेच नाही. शनिवारी बाजारात तेल मिळते. आपल्याकडे लोक त्या दिवशी ते मारुतीला घालायला नेतात, घरात मात्र आणत नाहीत.